एका ओळीतल्या तीन सूचना

कांचन वैरागडे यांच्या हातात कागद पडला की तो आखूड होऊनच परत यायचा. भोपाळच्या एका मोठ्या कारखान्याच्या राजभाषा विभागात त्यांनी उभी नोकरी काढली. इंग्रजी परिपत्रकं हिंदीत आणायची, आणि मराठी मंडळ किंवा वर्‍हाडातून आलेली कुटुंबं यांच्यासाठी लागलंच तर मराठीतही, हे त्यांचं काम. तिथे त्यांच्या साहेबांनी त्यांना पहिल्या आठवड्यातच शिकवलं होतं, की तीन तुटक वाक्यं म्हणजे बाजारातली आरडाओरड आणि एक सलग वाक्य म्हणजे शासन. कांचनताईंनी ते मनावर घेतलं. निवृत्त झाल्या तरी सवय सुटली नाही. अयोध्या नगरातल्या त्यांच्या घरी फ्रिजवर चिठ्ठी लागायची तीसुद्धा ‘दूध तापवल्याशिवाय बाहेर जाण्यास अथवा टीव्ही लावण्यास मनाई आहे’ अशा थाटाची. त्यांचे यजमान विश्वासराव ती वाचून निमूटपणे दूध तापवायचे आणि टीव्ही मात्र आधीच लावून ठेवायचे.

हर्षल हा त्यांच्या धाकट्या बहिणीचा मुलगा. बहीण गेल्यापासून तो यांच्याचकडे वाढला, आणि आता घरापासून हाकेच्या अंतरावर एक आठ मजली इमारत उठत होती, तिथे सेफ्टी ऑफिसर म्हणून लागला होता. नोकरी अजून कच्ची होती. पक्की व्हायची तर वर्षभर साइटवर कुठलं लचांड उद्भवू नये, एवढीच त्याची देवाजवळ मागणी.

एके दिवशी संध्याकाळी तो मोबाइल पुढे करून म्हणाला, “मावशी, एक छोटासा काम है. प्लास्टरवाली नवीन गँग आलीय, सगळे दर्यापूरकडचे. मालक कंपनीचा नियम आहे, मजूर जी भाषा बोलतात त्या भाषेत सेफ्टी बोर्ड पाहिजे. इंग्लिश आणि हिंदी लिहून झालंय, खाली बस इतनीशी पट्टी बची है. त्यात मराठी बसव ना.”

कांचनताईंनी चष्मा लावला. बोर्डावर इंग्रजीत तीन सूचना होत्या, एकाखाली एक. हेल्मेट घाला. हिरवं कार्ड लावलेल्या परांचीवरच, म्हणजे इमारतीभोवती बांधलेल्या लोखंडी मचाणावरच चढा. प्रतिबंधित क्षेत्र, फक्त परवानगी असलेल्यांनाच प्रवेश. हिंदीतही तशाच तीन. आणि मराठीसाठी उरली होती एकुलती एक ओळ, तीही कंजूस माणसाने सोडल्यासारखी.

“हिरव्या कार्डाचं काय करू?” त्यांनी विचारलं.

“ते राहू दे. हिरवं असलं तर चढा, लाल असलं तर नाही, हे मी रोज सकाळी सगळ्यांना उभं करून सांगतोच.”

मग काय, ताईंच्या अंगात जुना उत्साह संचारला. त्यांनी पेन्सिल घेतली, दोनदा खोडलं आणि तिसर्‍यांदा ओळ जमली: ‘हेल्मेट परिधान केल्याशिवाय परांचीवर चढण्यास अथवा प्रतिबंधित क्षेत्रात प्रवेश करण्यास सक्त मनाई आहे.’ हेल्मेट आलं, परांची आली, प्रतिबंधित क्षेत्र आलं. काही सुटलं नाही, काही सांडलं नाही. ती ओळ त्यांनी विश्वासरावांना मोठ्याने वाचून दाखवली. ते म्हणाले, “वा! एकदम गॅझेट.” आणि हर्षलने ती पेंटरकडे पाठवून दिली. बोर्ड एकच नव्हता, त्याच्या तीन प्रती होत्या. एक फाटकाशी लागली, एक परांचीच्या शिडीपाशी आणि एक मागच्या बाजूला, जिथे लाल-पांढरी पट्टी ताणून जागा बंद केली होती. कांचनताई एकदाही बघायला गेल्या नाहीत. नोकरीत असतानाही ऑफिस सोडून कारखान्याच्या शेडमध्ये त्या कधी डोकावल्या नव्हत्या. आपला अनुवाद कुठल्या भिंतीवर चढतो आणि त्याच्यासमोर कोण उभं राहतं, हे बघायची राजभाषा विभागात पद्धतच नव्हती.

पंधरवडा गेला असेल. त्या भाजी निवडत बसल्या होत्या तेवढ्यात हर्षलचा फोन आला. आवाज पार उतरलेला. “मावशी, लगेच साइटवर ये. एक मिस्त्री बंद जागेत घुसला. लागलं नाही, पण थोडक्यात वाचला. त्याचा जबाब घ्यायचाय आणि घाबरून तो जे बोलतोय ते साहेबांच्या डोक्यावरून जातंय. इथला सेफ्टी ऑफिसर मीच, म्हणून माझ्या तोंडून साहेबांना नको. तू हिंदीत सांग.”

फाटकावर त्यांना पाहुण्यांचं हेल्मेट दिलं. हनुवटीखालचा पट्टा लावताना त्यांच्या कानाला चिमटा बसला. पत्र्याच्या ऑफिसात प्रोजेक्ट मॅनेजर रघुवंशी साहेब बसले होते. माणूस दणदणीत, पण आज हातातल्या कपातला चहा प्यायचंही त्याला सुचत नव्हतं. समोर एक तिशी-पस्तिशीचा माणूस उभा होता, कपड्यांवर सिमेंटचे डाग, पिवळं हेल्मेट अजून डोक्यावर घट्ट. हा गजानन, प्लास्टरचा मिस्त्री. टेबलावर त्याचा गेट पास पडला होता.

मागच्या बाजूची परांची उतरवायचं काम चालू होतं. वरून पाइप दोरीने खाली येत होते, आणि त्यांना जोडणारे लोखंडी क्लॅम्प गोणीत भरून. म्हणून खालची सगळी जागा पट्टी लावून बंद केली होती. गजाननची थापी आदल्या दिवशी तिथल्या भिंतीशी राहिली होती. तो पट्टीखालून वाकून आत गेला, आणि पाचव्या मजल्यावरून एक क्लॅम्प सुटून त्याच्यापासून हातभर अंतरावर जमिनीत रुतला.

“इनसे पूछिए,” रघुवंशी म्हणाले, “अंदर गए क्यों? बोर्ड लगा है, नहीं दिखा? यहाँ नियम साफ़ है. जो बंद जगह में घुसा, उसका पास कैंसिल, और कंपनी की किसी साइट पर दोबारा काम नहीं. मुझे आज ही ऊपर जवाब देना है.”

कांचनताईंनी विचारलं. गजाननने डोक्यावरचं हेल्मेट चाचपलं. एरवी तो बाजारापुरती हिंदी बोलायचा, पण आता सगळी विसरला होता.

“बाई, मी बोर्ड पाह्यला ना. वाचला बी. आपल्या भाषेत दिसला म्हनून मुद्दाम उभा राहून वाचला. हेल्मेट घातल्याबिगर आत जाऊ नका असं लिहेल हाय थ्यावर. म्हनून मी हेल्मेट नीट केलं, पट्टा आवळला, अन् मंग गेलो. पाहा ना, अजून आवळेलच हाय.” त्याने हनुवटीखालचा पट्टा बोटाने ताणून दाखवला. “जे लिहेल हाय थेच केलं मी. मले काऊन घरी पाठवून रायले?”

आपली ती सुबक ओळ कांचनताईंना तोंडपाठ होती. त्यांनी ती मनातल्या मनात म्हटली, या वेळी गॅझेटसारखी नव्हे तर पट्टीसमोर उभ्या असलेल्या माणसासारखी, आणि त्यांच्या तोंडचं पाणी पळालं.

“क्या कह रहा है?” रघुवंशींनी विचारलं.

“मला आधी बोर्ड बघायचाय,” ताई म्हणाल्या, आणि उठल्याच.

हर्षल त्यांच्यामागून धावला. विटांच्या चळतींमधून जाता जाता तो दबक्या आवाजात म्हणाला, “मावशी, काय झालं? बोर्ड बरोबर आहे ना?”

बोर्ड पट्टीच्या अलीकडे, डोळ्यांच्या उंचीवर लावला होता. वर इंग्रजी, मध्ये हिंदी, खाली त्यांची ओळ, काळ्या ठसठशीत अक्षरांत. पट्टीच्या पलीकडे तो क्लॅम्प अजून मातीत अर्धा रुतून बसलेला होता. कांचनताई त्याच्याकडे बघत राहिल्या. तो वजनाने किती असेल याचा अंदाज त्यांना नव्हता, पण मातीला पडलेला खड्डा दिसत होता.

“हर्षल,” त्या म्हणाल्या, “वरून पाइप आला असता तर हेल्मेटने तो वाचला असता?”

“नाही गं. हेल्मेट छोट्यामोठ्या वस्तूसाठी. पाचव्या मजल्यावरून पाइप म्हणजे... म्हणून तर जागाच बंद केलीय. इथे हेल्मेट असो नसो, येणंच नाही.”

“आणि मी काय लिहिलंय वाच.”

हर्षलने वाचलं. पुन्हा वाचलं. तिसर्‍यांदा त्याचे ओठ हलायचे थांबले.

“हेल्मेट ही एक गोष्ट आहे, परांची दुसरी आणि ही जागा तिसरी,” ताई म्हणाल्या. “मी तिन्ही एका दोरीत ओवल्या आणि हेल्मेटला आत जायचा परवाना करून टाकलं. शिडीपाशीही तेच. कार्ड लाल असलं तरी डोक्यावर हेल्मेट आहे म्हणून माणूस चढेल. गजानन चुकला नाही रे. त्याने माझं ऐकलं.”

हर्षलचा चेहरा पांढराफटक पडला. तो खालच्या आवाजात म्हणाला, “मावशी, प्लीज. तिथे थोडं घुमाकर सांग ना. म्हण की त्याला नीट दिसलं नाही. बोर्ड चुकीचा निघाला तर माझं काय? तो मिस्त्री आहे, त्याला दुसरीकडे काम मिळेल. माझी ही पहिली नोकरी आहे.”

या पोराला त्यांनी ताप आला की रात्र रात्र मांडीवर घेतलं होतं. त्याचा पडलेला चेहरा बघवत नव्हता, आणि नाही म्हणायला जीभही रेटत नव्हती. त्याला वाचवायला फार काही करायचं नव्हतं. गजाननचं एक वाक्य हिंदीत आणताना गाळायचं, बस. वाक्यं गाळण्यात तर त्यांचा हातखंडा. याच विचाराची त्यांना शिसारी आली.

“पास गेला तर त्याला कंपनीच्या कुठल्याच साइटवर काम नाही, हे आत्ता तुझ्या साहेबांनी सांगितलं,” त्या म्हणाल्या. “चल.”

ऑफिसात परत आल्यावर त्या बसल्या नाहीत. गजानन जे बोलला ते त्यांनी हिंदीत सांगितलं, एक शब्द कमी नाही, एक जास्त नाही. मग ती मराठी ओळ वाचून तिचाही अर्थ सांगितला. आणि म्हणाल्या, “यह पंक्ति मैंने लिखी है. इस आदमी ने वही किया जो मैंने लिखा.”

रघुवंशींनी कप खाली ठेवला. त्यांनी हर्षलकडे बघितलं. गजानन या तोंडाकडून त्या तोंडाकडे बघत होता. त्याला एवढंच कळत होतं की आपल्याबद्दल काहीतरी ठरतंय.

मग हर्षल पुढे आला. त्याचा आवाज चिरकला, पण तो बोलला. “सर, एक लाइन में बिठाने को मैंने कहा था. मौसी को जगह भी नहीं दिखाई. और लगाने से पहले गँग में किसी से पढ़वाया भी नहीं. गलती मेरी है.”

कांचनताईंनी मान वळवून त्याच्याकडे बघितलं. आत्ता मघाशी लपायला जागा शोधणारं हे पोर! त्यांना त्याचा राग यायचा राहून गेला होता, तो आता आलाच नाही.

रघुवंशींनी कपाळ चोळलं. “मैडम, मेरे हाथ में होता तो अभी पास लौटा देता. लेकिन फ़ैसला मालिक कंपनी का है. मैं जैसा हुआ वैसा लिख दूँगा. तब तक यह काम पर नहीं आएगा.” त्यांनी पास खणात टाकला आणि खण लोटला. “और वो तीनों बोर्ड अभी के अभी उतारो.”

त्या रात्री हर्षल जेवला नाही. त्याला लेखी ताकीद मिळाली होती आणि पक्कं होणं तीन महिने पुढे गेलं होतं. तो खोलीत पडून राहिला, आणि ताईंनी ताट झाकून ठेवलं. सकाळी बघतात तर ताट रिकामं, आणि टेबलावर त्याने एका कागदावर लिहून ठेवलेलं: ‘तीन वेगळे बोर्ड मंजूर. जागा हवी तेवढी. आधी गँगला वाचून दाखव.’

कांचनताईंनी तीन कोरे कागद घेतले. एकावर फक्त हेल्मेट, एकावर फक्त परांची, एकावर फक्त बंद जागा. एका कागदाचा शब्द दुसर्‍यात जाऊ द्यायचा नाही, असं त्यांनी स्वतःला बजावलं. ‘परिधान’ गेलं, ‘अथवा’ गेलं, ‘केल्याशिवाय’ तर मुळासकट गेलं. कारखान्यातले जुने साहेब असते तर म्हणाले असते, बाजारातली आरडाओरड. असू दे. वरून लोखंड पडत असताना शासनापेक्षा आरडाओरडच बरी.

दुपारी त्या मजुरांच्या वस्तीवर गेल्या. पत्र्याच्या एका खोलीसमोर गजाननची बायको कमल बसली होती. तीही त्याच गँगमध्ये माल कालवायच्या कामाला. दाराशी एक गाठोडं बांधून ठेवलेलं होतं.

“गजानन कुठे आहे?”

“टेसनावर गेला बाई. गाडीचं पाह्याले. उगाच बसून खायाचं तरी कितीक दिवस?”

ताईंना तिच्याशी नजर मिळवता येईना. तरी त्यांनी कागद काढले. “हे वाचून बघशील? तुला काय कळतं ते सांग. चुकलं तर माझं चुकलं.”

कमलने पहिला वाचला: ‘हेल्मेट घाला. पट्टा लावा.’ ती म्हणाली, “समजलं.” दुसरा: ‘परांची, म्हणजे पाड. हिरवं कार्ड: चढा. लाल कार्ड: चढू नका.’ तेही समजलं. साइटवर सगळे पाडच म्हणत, म्हणून ताईंनी दोन्ही शब्द ठेवले होते. तिसर्‍या कागदावर होतं: ‘बंद जागा. परवानगी नसेल तर आत जाऊ नका.’

“हे बी समजलं,” कमल म्हणाली.

“काय समजलं?”

“परवानगी पाह्यजे. म्हंजे हेल्मेट पाह्यजे.”

कांचनताई चपापल्या. कागदावर हेल्मेट कुठेच नव्हतं. पण पंधरा दिवस ती ओळ रोज डोळ्यांसमोर होती, आणि जे एकदा मनात बसलं ते बोर्ड उतरवल्याने थोडंच उतरतं? नुसतं वेगळं करून भागणार नव्हतं. मूळ इंग्रजीत नाही ते अनुवादात घालू नये, हा त्यांच्या धंद्यातला पहिला नियम. तो त्यांनी जन्मभर पाळला होता. त्यांनी पेन्सिल काढली, कागद गुडघ्यावर ठेवला आणि खाली आणखी एक ओळ लिहिली. मग तो पुन्हा कमलकडे दिला.

कमलने वाचलं. “हे आधीच लिहेल असतं बाई,” ती हळूच म्हणाली, “तं थो गेलाच नसता.”

ताईंनी तिचा सिमेंटने फुटलेला हात हातात घेतला. “माहीत आहे गं,” एवढंच त्या म्हणाल्या.

आठवडा गेला. गजाननचं काय झालं हे त्यांनी हर्षलला दोनदा विचारलं. दोन्ही वेळा तो म्हणाला, “वरून काही आलं नाही.” तिसर्‍यांदा विचारायची त्यांना भीती वाटली. मग एका सकाळी तो चप्पल घालता घालता म्हणाला, “चल मावशी, बोर्ड लागले. या वेळी बघून घे.”

फाटकाशी त्यांनी पाहुण्यांचं हेल्मेट घातलं. समोरच निळा बोर्ड होता, त्यावर हेल्मेट घातलेलं पांढरं डोकं आणि खाली चारच शब्द. शिडीपाशी परांचीचा, त्याच्या शेजारी प्रत्यक्ष हिरवं कार्ड लटकत होतं. दोन्हींच्या मध्ये अख्खी भिंत मोकळी. हर्षल कोणाशी तरी बोलायला थांबला आणि ताई एकट्याच मागच्या बाजूला निघाल्या. तिथे परांची उतरवायचं शेवटचं काम चालू होतं. लाल-पांढरी पट्टी ताणलेली होती, पण तिसरा बोर्ड थोडा तिरका, कोपर्‍याकडे तोंड करून लावला होता. उन्हात अक्षरं चमकत होती, वाचता येईनात. आपली नवी ओळ पेंटरने नीट उतरवली आहे की नाही, ते बघायला त्या पुढे सरकल्या. पट्टी पोटाला लागली. त्यांनी ती हाताने जरा उचलली आणि मान खाली घातली.

“बाई! थांबा!”

आवाजात इतकी जरब होती की त्या जागच्या जागी गोठल्या. मागून कोणीतरी धावत आलं आणि त्यांच्या हातातली पट्टी काढून घेतली. पिवळं हेल्मेट, सिमेंटचे डाग, एका हातात थापी. छातीवर गेट पास लटकत होता. गजानन धापा टाकत होता आणि चांगलाच रागावलेला होता.

“अरे, तू?” ताईंची नजर त्या पासवर गेली. काहीतरी बोलायचं म्हणून त्या बोलल्या, “मी... नुसता बोर्ड बघत होते. हेल्मेट आहे ना माझ्या डोक्यावर.”

गजाननने पट्टी पुन्हा ताणली, गाठ पक्की केली आणि बोर्डाकडे बोट दाखवून त्यांचीच ओळ त्यांना ऐकवली.

“हेल्मेट असलं तरी नाही.”